साखरेविना गोडी आणि आतड्यांचा हिशेब

आमचा हा कृष्णाकाठ उसाचा. कराडहून सांगलीकडे निघाले की हंगामात रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागते, आणि वाऱ्याबरोबर मळीचा वास दवाखान्याच्या खिडकीपर्यंत येतो. अशा मुलखात गेल्या काही वर्षांत ‘साखर नाही’ असे ठळक अक्षरांत लिहिलेल्या वस्तू घराघरांत दिसू लागल्या आहेत. पुण्या-मुंबईची मुले आईवडिलांसाठी डाएट पेयांचे कॅन आणतात, प्रोटीन पावडरीचे डबे आणतात, प्रोटीन बारची खोकी पाठवतात. त्यामागे मायाच असते. पण साखर काढून घेतल्यावर तिच्या जागी काय घातले आहे, हे फार थोड्या घरांत पाहिले जाते. ते न पाहिल्यामुळे पाच आठवडे हैराण झालेल्या एका रुग्णाची हकिकत येथे सांगतो. ओळख पटू नये म्हणून किरकोळ तपशील बदलले आहेत.

वाळवा तालुक्यातले हे निवृत्त शिक्षक, वय ७४. बारा वर्षांचा मधुमेह, त्यासाठी आठ वर्षे मेटफॉर्मिन चालू. शिवाय रक्तदाबाची गोळी, जिच्यात लघवी वाढवणारे औषध मिसळलेले होते. पाच आठवड्यांपासून त्यांना दिवसातून तीन-चार वेळा पातळ शौचास होत होते. पोटात गुरगुर, वायू, शौचाची घाई. वजन अडीच किलोने उतरलेले. आधी दोन वेळा प्रतिजैविकांचा कोर्स झाला होता, शौचाची तपासणी निर्दोष आली होती. आता ‘मोठ्या आतड्यात दुर्बीण घालून पाहू’ येथवर गोष्ट आली होती, आणि त्या चिंतेने घर काळवंडले होते.

गुरुजींच्या शौचात रक्त नव्हते, ताप नव्हता, आणि रात्री झोपेतून उठून जावे लागत नव्हते. ही शेवटची गोष्ट मी मुद्दाम विचारतो. आतड्याला सूज असेल, तर जुलाब रात्रीही स्वस्थ बसू देत नाहीत. खाण्यातल्या एखाद्या पदार्थाने पाणी ओढले जाऊन होणारे जुलाब मात्र तो पदार्थ पोटात नसताना थांबतात.

खरे निदान केले ते काकूंनी. त्या म्हणाल्या, “डॉक्टर, एक सांगू का? एकादशीला ह्यांचं पोट अगदी शांत असतं.”

एकादशीला गुरुजी काय घेत होते? दूध, भगर, केळे, दाण्याची आमटी. मधुमेहात असा उपवास मला मान्य नाही आणि ते मी त्यांना अनेकदा सांगितले आहे, परंतु या वेळी त्या उपवासाचे उपकार झाले. दूध घेऊनही पोट शांत राहत होते, म्हणजे दुधातली साखर न पचण्याचा दोष नव्हता. मेटफॉर्मिन त्याही दिवशी घेतले जात होते, म्हणजे मुख्य दोष त्याचाही नव्हता. मग एकादशीला काय बंद असे? मुलाने पाठवलेला प्रोटीन बार. त्यात ओट आणि कसकसली पिठे असतात, म्हणून तो उपवासाला चालत नसे. जेवणानंतरचे ‘शुगर-फ्री’ लाडूही त्याच कारणाने त्या दिवशी बंद.

घरच्यांचा संशय मात्र तिसऱ्याच वस्तूवर होता. दुपारी गुरुजी एक डाएट कोला पीत. “त्यातल्या केमिकलनेच आतडी गेली,” असे सूनबाईंचे ठाम मत होते. मी त्यांना घरातील सारी वेष्टने घेऊन बोलावले. वेष्टनावरचा मजकूर इंग्रजीत आणि मुंगीएवढ्या अक्षरांत असतो. मलाही चष्मा लावून उजेडात धरावा लागतो. सत्तरीच्या माणसाने तो वाचावा ही अपेक्षाच चुकीची आहे. हे काम घरातल्या तरुणांनी करावयाचे आहे.

वेष्टनावर काय शोधावे, ते समजण्यासाठी एक भेद लक्षात घ्यावा लागतो. साखरेविना गोडी दोन निरनिराळ्या कुळांतून येते.

पहिले कूळ अतितीव्र गोडीचे. अ‍ॅस्पार्टेम (वेष्टनावरचा क्रमांक ९५१), सुक्रालोज (९५५), असेसल्फेम पोटॅशियम (९५०), सॅकरिन (९५४) आणि स्टीव्हियाच्या पानांतून काढलेली गोडी (९६०) ही त्यातली मंडळी. अ‍ॅस्पार्टेम साखरेच्या सुमारे दोनशे पट गोड, सुक्रालोज सुमारे सहाशे पट. त्यामुळे ती मिलिग्रॅममध्ये लागते. डाएट पेये, चहात टाकावयाच्या गोळ्या आणि बहुतेक प्रोटीन पावडरी यांत हे कूळ असते.

दुसरे कूळ पॉलिऑलचे. सॉर्बिटॉल (४२०), माल्टिटॉल (९६५), झायलिटॉल (९६७), एरिथ्रिटॉल (९६८). यांना साखर-अल्कोहोल असेही म्हणतात. दारूशी त्यांचा संबंध नाही, हे माळकरी गुरुजींना मला दोनदा सांगावे लागले. यांची गोडी साखरेच्या जवळपास किंवा थोडी कमी असते. म्हणजे लाडू, चॉकलेट किंवा बार यांना आकार, चिकटपणा आणि वजन द्यावयाचे असेल, तर जिथे साखर ग्रॅममध्ये पडली असती तिथे हेही ग्रॅममध्येच घालावे लागतात. मिलिग्रॅम आणि ग्रॅम यांत हजार पटींचे अंतर आहे. गुरुजींच्या आजाराची किल्ली या अंतरात होती.

लहान आतडे पॉलिऑल पूर्ण शोषू शकत नाही. उरलेला भाग तसाच पुढे सरकतो आणि आपल्याबरोबर पाणी ओढून घेतो. मोठ्या आतड्यात पोचल्यावर तेथले जिवाणू त्याला आंबवतात, त्यातून वायू होतो. पाण्याने जुलाब आणि वायूने गुरगुर, असा हा सरळ व्यवहार आहे. अनेक वृद्धांच्या घरी बद्धकोष्ठावर लॅक्टिटॉलच्या सिरपची बाटली असते. लॅक्टिटॉल हाही याच कुळातला असून खाद्यपदार्थांत गोडीसाठी वापरला की त्याचा क्रमांक ९६६ असतो. वैद्यकात आम्ही त्याची मात्रा साधारण रोज १० ते २० ग्रॅम देतो, आणि ती देण्याचा हेतूच शौच सैल करणे हा असतो.

आता गुरुजींचा हिशेब पाहा. एका बारमध्ये पॉलिऑल १४ ग्रॅम, सकाळी एक आणि संध्याकाळी एक, म्हणजे २८ ग्रॅम. लाडवांत प्रत्येकी ५ ग्रॅम माल्टिटॉल, दोन्ही जेवणांनंतर एकेक, म्हणजे १०. एकूण ३८ ग्रॅम. सॉर्बिटॉल दहा ग्रॅमच्या आसपास गेले की पुष्कळांना वायू जाणवतो, वीसच्या पुढे शौच सैल होऊ लागते. माल्टिटॉल त्याहून थोडे सौम्य, पण अडतीस ग्रॅम ही मात्रा लहान नव्हे. त्यात मेटफॉर्मिनचा स्वतःचा थोडा सैलावणारा गुण मिसळला. गुरुजी गेले पाच आठवडे नकळत रोज रेचक घेत होते. बारच्या वेष्टनावर मागच्या बाजूस ‘पॉलिऑलमुळे रेचक परिणाम होऊ शकतो’ असा इशाराही छापला होता. पॉलिऑलचे प्रमाण मोठे असेल, तर असा इशारा देण्याचा आपल्या देशात नियम आहे.

तरीही केवळ हिशेब जुळला म्हणून निदान झाले, असे मी मानत नाही. आम्ही एकच गोष्ट बदलली. बार आणि लाडू बंद केले. मेटफॉर्मिन चालू ठेवले, आणि सूनबाईंची नाराजी पत्करून डाएट कोलाही चालू ठेवला. सगळेच एकदम बंद केले असते, तर गुण आल्यावर तो कशाने आला हे कळले नसते. तिसऱ्या दिवशी शौच बांधून झाले. दहा दिवसांनंतर, गुरुजींच्या संमतीने, एक बार पुन्हा दिला. संध्याकाळपर्यंत गुरगुर सुरू झाली आणि दोन वेळा पातळ झाले. यापेक्षा स्पष्ट पुरावा मला दुर्बिणीनेही मिळाला नसता. मात्र शौचात रक्त, ताप, रात्रीचे जुलाब किंवा पंडुरोग असेल, किंवा पदार्थ बंद करूनही आठवड्याभरात फरक पडत नसेल, तर घरच्या घरी असले प्रयोग करीत बसू नये. तेथे दुर्बीण आवश्यकच असते.

हे सारे केवळ गैरसोयीचे होते असे कोणी समजू नये. पहिल्या दिवशी केलेल्या रक्ततपासणीत गुरुजींचे पोटॅशियम ३.३ पर्यंत उतरले होते आणि क्रिएटिनिन नेहमीपेक्षा वर गेले होते. वय झालेल्या माणसाला तहान कमी लागते. त्यात जुलाब आणि वर लघवी वाढवणारी गोळी. मूत्रपिंडाला रक्त कमी पडले, की मेटफॉर्मिनही अंगात साठू लागते. त्यांची ती गोळी मी आठवडाभर थांबवली, पुन्हा रक्त पाहिले आणि मगच चालू केली. आपण घेत असलेली गोळी थांबवावी की नाही, हे ज्याचे त्याच्या डॉक्टरांनाच विचारावे.

जाता जाता आणखी एक गोष्ट. माल्टिटॉलचा काही भाग पचून त्याचे ग्लुकोज होते. म्हणून ‘शुगर-फ्री’ लाडवाने रक्तातील साखर वाढतच नाही, हा समज खोटा आहे. साध्या लाडवाहून कमी वाढते, इतकेच. खोकल्याच्या अनेक साखरविरहित औषधांतही सॉर्बिटॉल असते, हेही ध्यानात असू द्यावे.

मग डाएट कोला निर्दोष ठरला का? गुरुजींच्या जुलाबांपुरता, होय. पण सूनबाईंच्या शंकेला संशोधनात थोडा आधार आहे, आणि तो जेवढा आहे तेवढाच सांगितला पाहिजे.

पहिल्या कुळातले पदार्थही आतड्याशी एकसारखे वागत नाहीत. अ‍ॅस्पार्टेम लहान आतड्यातच फुटून जाते, मोठ्या आतड्यापर्यंत ते पोचत नाही. सॅकरिन बहुतांशी शोषले जाऊन लघवीवाटे बाहेर पडते. सुक्रालोजचा मोठा भाग मात्र न शोषता मोठ्या आतड्यातून जातो, जिथे कोट्यवधी जिवाणूंची वस्ती आहे. इस्रायलमधील शास्त्रज्ञांनी २०२२ साली १२० निरोगी प्रौढांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध केला. एरवी अशी गोडी न खाणाऱ्या या लोकांना गटवार सॅकरिन, सुक्रालोज, अ‍ॅस्पार्टेम किंवा स्टीव्हिया दोन आठवडे दिले, तेही मान्य दैनिक मर्यादेच्या आतच. चारही पदार्थांनी जिवाणूंच्या वस्तीत किंवा त्यांच्या कामात फरक घडवला. सॅकरिन आणि सुक्रालोज घेणाऱ्यांची ग्लुकोज हाताळण्याची शक्तीही त्या काळात काहीशी उणावली. पण सगळ्यांची नव्हे. काहींवर परिणाम ठळक, काहींवर जवळजवळ नाही.

याउलट इतर काही छोट्या अभ्यासांत एक-दोन आठवडे सुक्रालोज, अ‍ॅस्पार्टेम किंवा सॅकरिन देऊनही जिवाणूंत लक्षणीय बदल आढळला नाही. हे सारे अभ्यास थोड्या दिवसांचे आणि प्रामुख्याने निरोगी माणसांवरचे. सत्तरी ओलांडलेल्या, चार गोळ्या घेणाऱ्या मधुमेही माणसाला ते जसेच्या तसे लावता येत नाहीत. जिवाणूंची वस्ती बदलणे म्हणजे आजार होणे, असेही नव्हे. ती तर आहार बदलला, प्रतिजैविक घेतले, तरी बदलते. माझे मत विचाराल तर, रोज दोन-तीन कॅन पिणाऱ्याने काळजी करावी इतका हा पुरावा आहे, आणि आठवड्यातून एखादा पिणाऱ्याने झोप उडवावी इतका नाही.

भुकेचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा. साखर पोटात गेली की आतड्यातून तृप्तीचा निरोप देणारी संप्रेरके सुटतात. जिभेला गोड लागले आणि मागून अन्नही आले, अशी मेंदूची खात्री पटते. सुक्रालोजने जिभेला गोड लागते, पण मागून काही येत नाही. अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे ७५ तरुण प्रौढांना वेगवेगळ्या दिवशी साखरेचे पाणी, सुक्रालोजचे पाणी आणि साधे पाणी देऊन त्यांच्या मेंदूतील भूक सांभाळणाऱ्या भागाची प्रतिमा घेण्यात आली. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सुक्रालोजनंतर त्या भागातील रक्तप्रवाह वाढलेला दिसला, आणि साखरेच्या पाण्यापेक्षा भूकही अधिक लागल्याचे लोकांनी सांगितले. मात्र साध्या पाण्याशी तुलना केली, तेव्हा सांगितलेल्या भुकेत फरक नव्हता. म्हणजे ‘डाएट पेयाने भूक खवळते’ या वाक्याचा बराचसा अर्थ ‘डाएट पेयाने भूक भागत नाही’ इतकाच निघतो.

आपल्याकडची गोडी तर बाटलीत नसून चहात असते. त्यामुळे चेन्नईतील मधुमेह संशोधकांचा १२ आठवड्यांचा अभ्यास मला अधिक जवळचा वाटतो. त्यात १७९ मधुमेहींपैकी एका गटाने चहा-कॉफीतील साखरेऐवजी सुक्रालोज वापरले, दुसऱ्याने साखर चालू ठेवली. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेत, म्हणजे एचबीएवनसीमध्ये, दोन्ही गटांत लक्षणीय फरक पडला नाही. वजन सुक्रालोजच्या गटात सुमारे ३०० ग्रॅमने कमी झाले. नुकसान दिसले नाही, आणि लाभ दिसला तो एवढाच. चहातली साखर सोडली म्हणून जेवताना भाताचा आणखी एक वाढा घेणारे रुग्ण मी रोज पाहतो, त्यामुळे मला या निकालाचे नवल वाटले नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये वजन ताब्यात ठेवण्यासाठी अशा गोडीवर विसंबू नये असा सल्ला दिला. तो सल्ला आधीपासून मधुमेह असलेल्यांसाठी नव्हता, हे मात्र बातम्यांतून गळून गेले आणि माझ्याकडे आठवडाभर गोळ्यांच्या डब्या घेऊन लोक येत राहिले. जो मधुमेही रोज साखरेचा कोला पितो, त्याला डाएट कोला निश्चितच बरा. त्याहून पाणी किंवा पातळ ताक बरे. आणि चहातली साखर दोन चमच्यांवरून दर पंधरवड्याला अर्धा चमचा उतरवत नेली, तर दोन महिन्यांत जीभ सवय करून घेते. हे मी स्वतःवर करून पाहिले आहे.

वृद्धांच्या घरी भुकेची दुसरी बाजू पाहावी लागते. तिथे भूक वाढण्याचे भय नसते. ती मुळातच मंदावलेली असते. साताऱ्यातील एका ऐंशीच्या आजींना लेक अकरा वाजता प्रोटीन पावडरीचा मोठा पेला देई, आणि बारा वाजता त्या भाकरी-भाजी तशीच ठेवत. प्रथिने पोट भरल्याची जाणीव देतात, हा त्यांचा गुणच आहे. पेला लहान केला आणि संध्याकाळी पाचला नेला, तेव्हा दुपारचे जेवण परत आले. गुरुजींच्या बारमध्ये १० ग्रॅम प्रथिने होती. मोठा पेला दूध आणि लहान मूठभर शेंगदाणे यांतून तेवढी सहज मिळतात. मूत्रपिंड अधू असेल, तर प्रथिनांचे प्रमाण मात्र डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

डाएट पेयाच्या संदर्भात ज्या गोष्टीची मला खरी धास्ती वाटते, ती आतड्याची नाही. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्या माणसाची साखर कधी एकदम उतरते. घाम सुटतो, हात कापतात, बोलणे असंबद्ध होते. दोन वर्षांपूर्वी अशाच एका घरी नातवाने धावत जाऊन फ्रिजमधला कॅन आणला आणि आजोबांना पाजला. दहा मिनिटे झाली तरी फरक पडेना. कॅन डाएटचा होता. त्यात साखरेचा कणही नव्हता. शेजारच्या बाईंनी पेलाभर पाण्यात साखर ढवळून पाजली, तेव्हा आजोबा भानावर आले.

अशा वेळी तीन चमचे साखर, म्हणजे सुमारे १५ ग्रॅम, पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी, आणि उतरलेलीच असेल तर तेवढीच पुन्हा द्यावी. साखर सावरल्यावर काहीतरी खायला द्यावे. या गोळ्यांनी उतरलेली साखर काही तासांनी पुन्हा उतरू शकते, म्हणून त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. माणूस गिळू शकत नसेल, तर तोंडात काहीही न घालता थेट रुग्णालय गाठावे. ज्या घरांत सगळे काही ‘शुगर-फ्री’ झाले आहे, त्या घरांनाही मी साखरेची एक छोटी बरणी, वर ठसठशीत अक्षरांत नाव लिहून, औषधांच्या कपाटात ठेवायला सांगतो. गुरुजींच्या घरी ती आहे; चिठ्ठी त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरांत लिहून चिकटवली आहे.